फ्लोचार्टच्या स्क्रीनशॉटवरून पायऱ्या लिहिताना एकही फांदी सुटू नये म्हणून

माझ्याकडे लॉगिनच्या फ्लोचार्टचा फक्त स्क्रीनशॉट आहे, मूळ फाइल नाही. त्यावरून क्रमवार पायऱ्या आणि स्यूडोकोड लिहायचा आहे. तीनदा लिहून पाहिलं, पण दर वेळी एखादी 'नाही'ची बाजू हरवते किंवा मागे जाणारा बाण भलत्याच पायरीला लागतो. सगळ्या फांद्या शाबूत कशा ठेवायच्या?

---

चित्र वरून खाली वाचत थेट पायऱ्या लिहायला बसलात, की फांद्या सुटणारच. पहिल्या डायमंडपाशी तुम्ही एक बाजू धरून पुढे जाता आणि दुसरी 'नंतर बघू' म्हणून डोक्यात ठेवता. चौथ्या डायमंडपर्यंत डोक्यात तीन बाजू साठलेल्या असतात. 'शेवट' लिहून झाला की काम संपल्यासारखं वाटतं आणि त्या तिघींपैकी एखादी तिथेच राहून जाते. म्हणून पहिल्या फेरीत मी एकही वाक्य लिहीत नाही. आधी प्रत्येक चौकटीला क्रमांक देतो आणि कुठल्या चौकटीतून कुठली रेघ कुठे जाते, एवढीच नोंद करतो. पायऱ्या आणि स्यूडोकोड दोन्ही नंतर त्या नोंदीवरून लिहायचे. चित्राकडे पुन्हा जायचं ते फक्त तपासणीसाठी.

माझ्याकडे आलेला एक लॉगिनचाच फ्लोचार्ट घेतो, म्हणजे तुमच्या कामाशी ताडून बघता येईल. स्क्रीनशॉट मोठा करून छापायचा किंवा चित्र संपादित करायच्या कुठल्याही साध्या प्रोग्राममध्ये उघडायचा आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात लाल क्रमांक टाकायचा. क्रमांक कुठल्याही क्रमाने दिले तरी चालतात, ती फक्त नावं आहेत. डायमंडच्या क्रमांकापुढे मी प्रश्नचिन्ह लावतो, कारण पुढे मोजणी करताना ते उपयोगी पडतं.

मग नोंद अशी होते:

```
१    सुरुवात                    → २
२    प्रयत्न = ०                → ३
३    युजरनेम, पासवर्ड घ्या      → ४
४?   खाते सापडले?               हो → ५    नाही → ७
५?   खाते लॉक आहे?              हो → ११   नाही → ६
६?   पासवर्ड बरोबर?             हो → ९    नाही → ७
७    प्रयत्न = प्रयत्न + १      → ८
८?   प्रयत्न < ३?               हो → ३    नाही → १०
९?   ओटीपी चालू आहे?            हो → १२   नाही → १४
१०   खाते लॉक करा               → ११
११   लॉकचा संदेश दाखवा          → १५
१२   ओटीपी पाठवा आणि घ्या       → १३
१३?  ओटीपी?    बरोबर → १४   चूक → ७   मुदत संपली → १२
१४   आत सोडा                    → १५
१५   शेवट
```

आता मोजा. 'शेवट' सोडून प्रत्येक साध्या चौकटीतून एक रेघ निघते. इथे अशा आठ चौकटी आहेत, म्हणजे आठ रेघा. दोन फाटे असलेले डायमंड पाच, त्यांच्या दहा. तेरावा डायमंड तीन फाट्यांचा, त्याच्या तीन. एकूण एकवीस. नोंदीतले बाण मोजले तर तेही एकवीसच भरले पाहिजेत. वीस भरले तर एक फांदी सुटली आहे, आणि ज्या ओळीत बाण कमी आहे तीच ओळ दोषी असल्याने शोधाशोधही करावी लागत नाही.

ही मोजणी रेघेच्या उगमापाशी करायची, टोकापाशी नाही. यात पुष्कळ लोक फसतात. चित्र नेटकं दिसावं म्हणून काढणारा दोन-तीन रेघा वाटेत एकत्र आणतो आणि चौकटीत एकच बाण घुसवतो. या चित्रात ४ची 'नाही', ६ची 'नाही' आणि १३ची 'चूक' या तिन्ही रेघा डाव्या कडेला एकमेकींना मिळतात आणि सातव्या चौकटीला बाणाचं एकच टोक लागतं. टोकं मोजत गेलात तर तीन फांद्यांची एक होते. उगमापाशी मात्र प्रत्येक रेघ वेगळी असते. मी हातात पेन्सिल घेऊन प्रत्येक डायमंडच्या चारही कोपऱ्यांवर जातो. एका कोपऱ्यातून रेघ आत येते, उरलेल्या तिन्हींपैकी जिथून रेघ बाहेर पडते तिथे बरोबरची खूण करतो, आणि त्या फाट्याची नोंद झाल्यावरच पुढच्या डायमंडकडे वळतो.

रेघेचा माग काढताना स्क्रीनशॉट तीन ठिकाणी हमखास चकवतो.

एक म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. फ्लोचार्टच्या चिन्हांचं ISO 5807 हे १९८५ सालचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की दोन रेघा नुसत्या छेदत असतील तर त्यांचा तर्काने काही संबंध नसतो, दोघीही सरळ पुढे जातात. 'टी'सारखा सांधा असेल, म्हणजे एक रेघ दुसरीवर येऊन संपत असेल, तरच त्या एकत्र झाल्या. लहान स्क्रीनशॉटमध्ये अधिकचं चिन्ह आणि 'टी' यांत दोन-तीन पिक्सेलचाच फरक उरतो. अशा जागी चित्र चारशे टक्के मोठं करून बघा, आणि तरीही कळलं नाही तर नोंदीत प्रश्नचिन्ह घाला. अंदाजाने भरलेली ओळ पुढे खरीच वाटायला लागते.

दुसरं ठिकाण म्हणजे मागे जाणारा बाण. तुमचा बाण भलत्या पायरीला लागतो तो बहुतेक याच कारणाने. आमच्या चित्रात ८ची 'हो' रेघ उजव्या कडेने वर जाते आणि कुठल्याही चौकटीला न लागता २ आणि ३ यांना जोडणाऱ्या रेघेला मधोमध मिळते. ती दिसायला दुसऱ्या चौकटीजवळ आहे, म्हणून घाईत 'पायरी २ वर जा' असं लिहिलं जातं. पण एखाद्या रेघेला मिळालेली रेघ तिच्या प्रवाहाबरोबर पुढेच जाते, म्हणून उत्तर ३ आहे. फरक केवढा पडतो ते बघा: २ वर गेलो तर प्रत्येक चुकीनंतर प्रयत्न पुन्हा शून्य होतात, आठवा डायमंड कायम 'हो' म्हणतो आणि खातं कधीच लॉक होत नाही. पायऱ्या वाचताना काहीच खटकत नाही, आणि मुळात ज्यासाठी ही सगळी मोजदाद होती तीच गायब झालेली असते.

तिसरं ठिकाण म्हणजे 'हो' आणि 'नाही' ही अक्षरं. 'हो' खाली आणि 'नाही' उजवीकडे ही निव्वळ सवय आहे, नियम नाही. एकाच चित्रात चार डायमंड त्या सवयीप्रमाणे असतात आणि पाचवा, जागा पुरली नाही म्हणून, उलटा असतो. इथे पाचवा डायमंड तसाच निघाला: 'लॉक आहे?' याची 'नाही' खाली जाते आणि 'हो' बाजूला. एखाद्या फाट्यावर अक्षर नसेलच, तर दुसऱ्या फाट्यावरून ते ठरवता येतं, पण दोनच फाटे असतील तेव्हाच. तीन फाट्यांत एकावर काहीच लिहिलेलं नसेल तर मूळ चित्र काढणाऱ्याला विचारण्यावाचून इलाज नाही. तिथे तुम्ही 'इतर' लिहिलंत तर ती तुमची भर झाली.

स्क्रीनशॉटच्या कडाही तपासून घ्या. रेघ चित्राबाहेर जात असेल किंवा एखाद्या छोट्या वर्तुळात नुसतं 'अ' लिहिलेलं असेल, तर तो जोडबिंदू आहे आणि त्याची जोडी दुसरीकडे कुठेतरी असते. जोडी सापडली नाही तर तुमच्याकडे अर्धाच फ्लोचार्ट आहे, हे पायऱ्यांच्या वरच लिहून टाका.

नोंद जुळली की क्रमवार पायऱ्या लिहिण्यात कष्ट असे काही उरत नाहीत. चौकटीचा क्रमांक तोच पायरीचा क्रमांक ठेवा आणि प्रत्येक डायमंडच्या पायरीत सगळे फाटे तिथल्या तिथे, पूर्ण वाक्यात लिहा:

```
६. पासवर्ड बरोबर आहे का ते पाहा.
   हो असेल तर पायरी ९ वर जा.
   नाही तर पायरी ७ वर जा.
१३. ओटीपी तपासा.
   बरोबर असेल तर पायरी १४ वर जा.
   चूक असेल तर पायरी ७ वर जा.
   मुदत संपली असेल तर पायरी १२ वर जा.
```

'नाही तर पुढच्या पायरीवर जा' असं मी कधीच लिहीत नाही, क्रमांकच घालतो. उद्या कोणी मध्ये एक पायरी घातली तर 'पुढची' बदलते आणि फांदी गुपचूप दुसरीकडे वळते. प्रश्नही चित्रात आहे तसाच ठेवतो. 'प्रयत्न < ३?' हा प्रश्न 'तीन प्रयत्न संपले का?' असा फिरवला की 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल करावी लागते, आणि ती एखाद्या तरी ठिकाणी राहते. याच प्रश्नात आणखी एक बारीक गोष्ट आहे. धूसर चित्रात < च्या खालची आडवी रेघ दिसेनाशी होते, म्हणून < आहे की ≤ हे आकडे घालून पाहावं. पहिल्या चुकीनंतर प्रयत्न १, दुसऱ्यानंतर २, तिसऱ्यानंतर ३. < असेल तर तिसऱ्या चुकीला लॉक होतं, ≤ असेल तर चौथ्या. चित्रासोबत 'तीन चुकांनंतर लॉक' असं कुठे लिहिलेलं असेल तर त्यावरून खात्री होते.

स्यूडोकोडमध्ये खरी कसरत आहे. पायऱ्यांमध्ये 'अमुकवर जा' म्हणता येतं, स्यूडोकोडमध्ये सहसा 'जर', 'नाहीतर' आणि लूप एवढंच हाताशी असतं. कुठलाही फ्लोचार्ट क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीनच रचनांत बसवता येतो हे बोम आणि याकोपिनी यांनी १९६६ सालीच सिद्ध केलं आहे, त्यामुळे जमणार की नाही ही काळजी नको. मात्र त्यासाठी कधी एखादं जादा चल लागतं, तर कधी एकच चौकट दोन ठिकाणी लिहावी लागते. आपल्या चित्राचं असं होतं:

```
प्रयत्न = ०
जोपर्यंत प्रयत्न < ३:                  # ८
    युजरनेम, पासवर्ड घ्या             # ३
    जर खाते सापडले:                    # ४-हो
        जर खाते लॉक आहे:               # ५-हो
            लॉकचा संदेश दाखवा; थांबा   # ११
        जर पासवर्ड बरोबर:              # ५-नाही, ६-हो
            जर ओटीपी चालू नाही:        # ९-नाही
                आत सोडा; थांबा         # १४
            पुन्हा पुन्हा करा:         # ९-हो
                ओटीपी पाठवा आणि घ्या   # १२
            मुदत संपली असेल तोवर       # १३-मुदत
            जर ओटीपी बरोबर:            # १३-बरोबर
                आत सोडा; थांबा         # १४
    # ४-नाही, ६-नाही, १३-चूक इथे येतात
    प्रयत्न = प्रयत्न + १              # ७
खाते लॉक करा                           # १०; इथे ८-नाही
लॉकचा संदेश दाखवा; थांबा               # ११
```

हा कोड बरोबर आहे, पण त्यातल्या तीन फांद्या डोळ्यांना दिसत नाहीत. ४, ६ आणि १३ यांच्या चुकीच्या बाजूंना 'नाहीतर' लिहिलेलंच नाही. 'जर' खोटं ठरलं की गाडी आपोआप घरंगळत प्रयत्न वाढवण्याच्या ओळीवर येते. लिहिणाऱ्याला हे माहीत असतं, वाचणाऱ्याला नसतं. पुढे कोणीतरी तिथे एखादी ओळ घालतो आणि नकळत तिन्ही फांद्यांचं वागणं बदलून बसतो. म्हणून जिथे फांद्या येऊन मिळतात तिथे कुठकुठल्या फांद्या आल्या ते टिपेत लिहाच. या टिपांमुळे तपासणीही सोपी होते: नोंदीतल्या प्रत्येक फाट्याचं नाव स्यूडोकोडमध्ये शोधायचं, सापडलं की खूण करायची. 'प्रयत्न < ३' खरं असताना लूप पुन्हा वर जातो, ती ८-हो. बाकीचे सगळे फाटे टिपांमध्ये आहेत.

चौकट ११ आणि १४ दोनदा आल्या आहेत, ते चालतं. मात्र दोन्ही ठिकाणचे शब्द हुबेहूब सारखे हवेत. एकीकडे 'संदेश दाखवा' आणि दुसरीकडे 'सूचना द्या' लिहिलंत तर वाचणारा त्या दोन वेगळ्या गोष्टी समजेल. डायमंड जास्त असतील आणि एकच चौकट चार-पाचदा लिहावी लागत असेल, तर तिला एक नाव देऊन वेगळा भाग करा आणि फक्त नावाने बोलवा.

आता ज्या गोष्टीने माझं स्वतःचं काम एकदा बिघडलं ती सांगतो. नोंद करताना चित्रातल्या चुका दिसायला लागतात. इथेच बघा: ४ची 'नाही', म्हणजे खातं सापडलंच नाही, ती फांदी तीन फेऱ्यांनंतर दहाव्या चौकटीत 'खाते लॉक करा' इथे पोहोचते. अस्तित्वातच नसलेलं खातं कसं लॉक करणार? आणि तीन फेऱ्यांत तीन वेगळी युजरनेम टाकली असतील तर त्यातलं कुठलं? दुसरं, १३ची 'मुदत संपली' फांदी १२ वर परत जाते आणि तिथे काही मोजलंच जात नाही, म्हणजे ओटीपी कितीही वेळा मागवता येतो.

अशा वेळी हात शिवशिवतो. अशाच एका चित्रात मी 'खाते सापडले नाही' असा वेगळा संदेश घालून ती फांदी तिथेच संपवली आणि फ्लोचार्टमधली चूक सुधारली म्हणून समाधानी झालो. ती चूक नव्हती. खातं नसलं तरी पासवर्ड चुकल्यासारखंच वागायचं, म्हणजे कोणती युजरनेम खरी आहेत हे बाहेरच्या माणसाला ताडता येत नाही, असा त्या रचनेमागचा विचार होता. माझ्या सुधारणेने नेमकी तीच माहिती उघडी पडली असती. परीक्षणात ते लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून पायऱ्यांमध्ये मी चित्रात आहे तेच लिहितो, अगदी चूक दिसली तरी. शंका खाली वेगळ्या लिहितो, फांदीच्या नावासह: '४-नाही → ७ → ८ → १०: खातं नसताना काय लॉक करायचं?', '१३-मुदत → १२: कमाल किती वेळा?'. ठरवायचं काम चित्राच्या मालकाचं.

शेवटची तपासणी दोन प्रकारे करतो. पहिली आकड्याची. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडलेल्या मापानुसार रेघांतून चौकटी वजा करून दोन मिळवायचे: २१ − १५ + २ = ८. हेच दुसऱ्या बाजूने काढता येतं. दोन फाट्यांच्या प्रत्येक डायमंडचा एक, तीन फाट्यांच्या डायमंडचे दोन, आणि वर एक: ५ + २ + १ = ८. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर मोजणीत गडबड आहे. जुळले तरी बाण योग्य जागी लागलेत हे त्यातून कळत नाही. ८ची 'हो' चुकून २ ला जोडली असती तरी उत्तर आठच आलं असतं.

त्यासाठी दुसरी तपासणी. स्क्रीनशॉट कधीही न पाहिलेल्या सहकाऱ्याला फक्त पायऱ्या द्यायच्या आणि त्यावरून फ्लोचार्ट काढायला सांगायचा. पंधरा चौकटींच्या चित्राला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग ते चित्र आणि मूळ स्क्रीनशॉट शेजारी ठेवून एकेक डायमंड ताडून बघायचा, आणि मागे जाणारे बाण सगळ्यांत आधी. आपल्या उदाहरणात असे दोनच आहेत, ८ वरून ३ ला आणि १३ वरून १२ ला. १३ची 'चूक' सातव्या चौकटीकडे वर जाते, तीही याच वेळी बघून घ्यावी, कारण तिचा क्रमांक मागचा असला तरी खरी फेरी पुढे ८ वरूनच पूर्ण होते. सहकारी कुठे अडला, कुठे त्याने 'इथून कुठे?' असं विचारलं, ती पायरी तुमची अपुरी राहिली आहे. तोंडी उत्तर देऊ नका, पायरी दुरुस्त करा आणि त्याला पुन्हा वाचायला द्या.